पावसाची बेरीज आणि एका आकड्याची दुरुस्ती

पर्जन्यमापकाची नोंद आपल्याकडे सकाळी साडेआठला घेतात. आधीच्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस पडला, तो एक आकडा वहीत जातो. पुढे त्या वहीला दोन प्रकारची कामे लागतात. कुणी विचारतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत एकूण किती पडला? आणि अधूनमधून कळते की एका दिवसाचा आकडा चुकीचा चढला होता, तो बदलायचा आहे. ही दोन्ही कामे संगणकाला कशी पटापट करता येतील, एवढाच या लेखाचा विषय. एका कामात चपळ असलेली वही दुसऱ्या कामात हटकून ढिली पडते, म्हणून प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे.

समजा आठ दिवसांचा पाऊस असा आहे: १२, ०, ३५, ८, २०, ५, १४, ६. एकूण बरोबर १०० मिलिमीटर. दिवसांना संगणकाच्या रीतीने ० ते ७ असे क्रमांक देऊ.

आकडे एका ओळीत नुसते मांडून ठेवले, तर दुरुस्ती एका फटक्यात होते. बेरीज मात्र प्रत्येक वेळी पहिल्यापासून करावी लागते. आठ आकड्यांना कोण घाबरतो? पण दहा लाख नोंदी असल्या आणि लाखभर प्रश्न आले, की सगळा वेळ त्यातच जातो. मग हुशार माणूस चढती बेरीज लिहून ठेवतो: १२, १२, ४७, ५५, ७५, ८०, ९४, १००. आता दिवस १ ते ६ चा पाऊस हवा असेल तर ९४ मधून १२ वजा केले की ८२, काम झाले. आकडे कधीच बदलणार नसतील तर याहून चांगला उपाय नाही, आणि तिथे पुढे सांगतो ते यंत्र आणणे म्हणजे हौस. पण दिवस ३ चा पाऊस ८ नसून १८ होता असे निघाले, तर त्या दिवसापासून शेवटपर्यंतच्या पाचही बेरजा खोडाव्या लागतात. दहा लाखांच्या वहीत पहिल्याच दिवसाची चूक निघाली तर दहा लाख खोडाखोडी.

सेगमेंट ट्री या दोन टोकांच्या मधला मार्ग धरते. शेजारच्या दोन-दोन दिवसांची बेरीज करून ठेवायची: १२, ४३, २५, २०. मग त्यांच्याही जोड्या: ५५, ४५. आणि शेवटी १००. तळाशी दिवसांचे आकडे, वर जोडीच्या बेरजा, त्यावर चार-चार दिवसांच्या, आणि शेंड्यावर सगळ्याची एक. या झाडाचे मूळ वर असते आणि पाने खाली, एवढी गंमत संगणकशास्त्राची सवय म्हणून सोडून द्यायची.

आता हे झाड संगणकाच्या स्मृतीत ठेवायचे कसे? सरळ विचार असा की प्रत्येक गाठीत बेरजेसोबत आपले आईबाप कोण, मुले कोण यांचे पत्तेही लिहावेत. तशी गरजच पडत नाही. सगळी घरे एका रांगेत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये, मांडायची आणि त्यांना क्रमांक द्यायचे. मूळ १ नंबरच्या घरात. ज्या घराचा क्रमांक i, त्याचे डावे मूल 2i मध्ये आणि उजवे 2i+1 मध्ये. बस.

```
घर:    1   2   3   4   5   6   7
बेरीज: 100  55  45  12  43  25  20

घर:    8   9   10  11  12  13  14  15
दिवस:  0   1   2   3   4   5   6   7
पाऊस:  12  0   35  8   20  5   14  6
```

५ नंबरच्या घरात ४३ का आहेत? त्याची मुले १० आणि ११ नंबरला, तिथे ३५ आणि ८. उलट दिशेने जायचे तर क्रमांकाला दोनने भागून बाकी टाकायची: ११ चा पालक ५, पाचाचा २, दोनाचा १. आणि कुठल्याही दिवसाचे घर शोधायला त्याच्या क्रमांकात ८ मिळवायचे. पत्ते कुठे लिहिलेलेच नाहीत. ते क्रमांकाच्या गणितातच दडलेले आहेत. घर क्रमांक ० रिकामे राहते. ते वापरायचा हट्ट धरला तर दुप्पट करण्याचे सोपे सूत्र बिघडते, म्हणून ते वाया गेलेले बरे.

ही युक्ती संगणकाहून कितीतरी जुनी आहे. मिखाएल आइत्सिंगर या ऑस्ट्रियन इतिहासकाराने १५९० साली युरोपातल्या राजघराण्यांच्या वंशावळी छापल्या, तेव्हा त्याने हेच क्रमांक वापरले: ज्याची वंशावळ तो १, वडील २, आई ३, आणि कुणाही k क्रमांकाच्या माणसाचे वडील 2k, आई 2k+1. वंशावळ अभ्यासणारे आजही ही पद्धत वापरतात. संगणकात रांगेत झाड बसवण्याची हीच मांडणी जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये आपल्या हीपसॉर्टमध्ये वापरली, आणि सेगमेंट ट्री लिहिणारे तिच्यावरच विसंबतात.

दुरुस्ती पाहू. दिवस ३ चा पाऊस ८ ऐवजी १८. त्याचे घर ११. तिथे १८ लिहिले. पालक ५ मध्ये आता ३५ अधिक १८, म्हणजे ५३. त्याचा पालक २: १२ अधिक ५३, ६५. त्याचा पालक १: ६५ अधिक ४५, ११०. चार घरे बदलली, बाकीच्या अकरांना हात लागला नाही. दहा लाख नोंदी असल्या तरी तळापासून मुळापर्यंत वीस पायऱ्याच चढायच्या असतात, कारण दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ होतो. म्हणजे जेमतेम एकवीस घरे.

```python
def update(d, v):
    i = d + n
    t[i] = v
    while i > 1:
        i //= 2
        t[i] = t[2*i] + t[2*i+1]
```

इथे `n` म्हणजे तळातल्या घरांची संख्या, आपल्याकडे ८. वर चढताना प्रत्येक घर दोन्ही मुलांपासून नव्याने बेरीज करते, हे मुद्दाम. फरक १० चा आहे म्हणून वाटेतल्या प्रत्येक घरात १० मिळवत गेले तरी पूर्णांकांत उत्तर तेच येते. दशांश आकड्यांत मात्र संगणकाच्या लहान लहान गोलाईकरणाच्या चुका दुरुस्तीगणिक साठत जातात. मुलांपासून बेरीज केली की जुनी चूक पुढे वाहत नाही.

बेरजेचा प्रश्न अधिक रंगतदार आहे. मूळचे आकडे घेऊन दिवस १ ते ६ चा पाऊस काढू. घरे ९ ते १४. डावे बोट ९ वर, उजवे १४ वर ठेवा. ९ हा विषम क्रमांक, म्हणजे ते उजवे मूल. त्याच्या पालकात दिवस ० देखील आहे, आणि तो आपल्याला नको. म्हणून पालकाकडे जाता येत नाही. ९ मधला ० इथेच उचलायचा आणि बोट १० वर सरकवायचे. तिकडे १४ सम आहे, म्हणजे डावे मूल; त्याच्या पालकात नको असलेला दिवस ७ आहे. म्हणून १४ मधले १४ मिलिमीटर उचलले, बोट १३ वर. उरली घरे १० ते १३, आणि ती आता पूर्ण जोड्यांची आहेत, तेव्हा बिनधास्त एक मजला वर चढायचे: डावे बोट ५ वर, उजवे ६ वर. पुन्हा तीच परीक्षा. ५ विषम, म्हणून ४३ उचलले, बोट ६ वर. उजवे बोट ६, सम, म्हणून २५ उचलले, बोट ५ वर. बोटे एकमेकांना ओलांडून गेली, थांबायचे. ० अधिक १४ अधिक ४३ अधिक २५, एकूण ८२. वजाबाकीने आले होते तेच.

```python
def range_sum(l, r):
    l += n
    r += n
    s = 0
    while l <= r:
        if l % 2 == 1:
            s += t[l]
            l += 1
        if r % 2 == 0:
            s += t[r]
            r -= 1
        l //= 2
        r //= 2
    return s
```

एका मजल्यावर जास्तीत जास्त दोन घरे उचलली जातात, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या. मधले सगळे वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बेरजांत आधीच सामावलेले असते. म्हणून दहा लाखांतली कितीही लांब मुदत विचारा, चाळीसएक घरांत उत्तर निघते.

आठ हा दोनाचा घात म्हणून आपले झाड नेटके बसले. वर्षाचे ३६५ दिवस तसे नसतात. सोपा तोडगा म्हणजे तळाला ५१२ घरे घेऊन उरलेल्यांत शून्ये भरणे. शून्याने बेरीज बिघडत नाही. पुष्कळ पुस्तकी कार्यक्रम मात्र उलट दिशेने जातात. मुळापासून सुरुवात करून मुदत मध्यावर दुभागत खाली उतरतात, आणि शून्ये भरत नाहीत. क्रमांकांचे सूत्र तिथेही तेच, पण घरांमध्ये फटी पडतात. सहा दिवसांचे झाड असे दुभागून पाहा: मुळात दिवस ० ते ५, तिसऱ्या घरात ३ ते ५, सहाव्यात ३ आणि ४, आणि त्यांची पाने थेट १२ व १३ नंबरला. सहाच्या दुप्पट बारा घरे पुरतील अशा समजुतीने ० ते ११ एवढीच जागा घेतली असेल, तर १३ नंबरचे घर रांगेबाहेर पडते. काही भाषांत कार्यक्रम तिथेच कोसळतो, ते परवडले. सी सारख्या भाषेत तो शेजारच्या कुणाच्या तरी आकड्यावर लिहून मोकळा होतो आणि चूक भलतीकडेच उगवते. म्हणूनच या पद्धतीत नोंदींच्या चौपट घरे घेण्याचा रिवाज पडला आहे.

दुसरी ठरलेली चूक मुळाशी दिसते. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. प्रत्येक नोंद छोटी असते, छोट्या मुदतींची उत्तरेही बरोबर येतात, आणि सगळ्या नोंदींची बेरीज विचारली की एकदम ऋण आकडा समोर येतो. असे दिसले की दोष झाडाचा नाही, घराच्या आकाराचा. ६४ बिटांची घरे घ्यावीत. तिसरी चूक माणसाची: ‘१८ कर’ आणि ‘१८ वाढव’ यांतला घोळ. त्यात दिवस ३ ला २६ मिलिमीटर पाऊस पडतो आणि झाड आतून पूर्ण सुसंगत राहते, त्यामुळे वरची बेरीज तपासून काहीच कळत नाही. यावर मला एकच उपाय भरवशाचा वाटतो. शेजारी एक साधी रांग ठेवायची, दोघांनाही त्याच यदृच्छ दुरुस्त्या आणि तेच प्रश्न द्यायचे, आणि साध्या रांगेवर मुकाट बेरीज करून प्रत्येक उत्तर ताडून पाहायचे. एका दिवसाची मुदत आणि संपूर्ण मुदत हे प्रश्न त्यात असलेच पाहिजेत, कारण टोकांची चूक तिथे लपत नाही.

या रचनेला मर्यादा आहेत. मध्येच एक विसरलेला दिवस घुसवायचा म्हटले तर पुढची सगळी पाने सरकतात आणि झाड नव्याने बांधावे लागते. ‘या पूर्ण आठवड्याच्या नोंदी प्रत्येकी दोन मिलिमीटरने वाढवा’ असे सांगितले, तर प्रत्येक पान वेगळे दुरुस्त करणे परवडत नाही. त्यासाठी बदल वरच्याच घरावर टिपून ठेवून गरज पडेल तेव्हा खाली उतरवण्याची जादा सोय करावी लागते. आणि नुसत्या बेरजाच हव्या असतील तर पीटर फेनविक यांनी १९९४ मध्ये मांडलेले झाड जवळपास निम्म्या जागेत तेच काम करते. पण ते मुदतीची बेरीज वजाबाकीने काढते. त्या मुदतीत एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडला असे कुणी विचारले की वजाबाकी चालत नाही. सेगमेंट ट्रीत मात्र `t[2*i] + t[2*i+1]` च्या जागी `max(t[2*i], t[2*i+1])` लिहायचे, प्रश्नाच्या बाजूलाही `s` मध्ये मिळवण्याऐवजी मोठा आकडा ठेवायचा. घरांचे क्रमांक, बोटांची चाल, सम-विषमची परीक्षा यांतले काहीही बदलावे लागत नाही.