१४.४ व्होल्ट दिसले, पण बॅटरी भरली का?

लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा चार्जर दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर असतो आणि बॅटरीचे व्होल्टेज चढत जाते; दुसऱ्यात व्होल्टेज स्थिर असते आणि प्रवाह उतरत जातो. यूपीएसमध्ये सर्रास आढळणारी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी घेतली, तर पहिल्या टप्प्याला ०.७ अँपिअर, दुसऱ्याला १४.४ व्होल्ट आणि प्रवाह ०.१४ अँपिअरवर आला की कटऑफ, ही मांडणी चांगली चालते.

या चार्जरबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की मीटरवर १४.४ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी भरली. साधा हिशेब मांडला तरी तो टिकत नाही. पूर्ण उतरलेली ही बॅटरी ०.७ अँपिअरने साधारण साडेसात तासांत १४.४ व्होल्ट गाठते असे धरू. तोवर तिच्यात ५.२५ अँपिअर-अवर एवढाच चार्ज गेलेला असतो, म्हणजे क्षमतेचा पाऊण भाग. उरलेला पाव भाग दुसऱ्या टप्प्यात भरायचा असतो आणि त्याला आणखी काही तास लागतात.

मग व्होल्टेज इतक्या लवकर वर का जाते? ‘बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे’ हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. या आकाराच्या चांगल्या बॅटरीचा रोध सुमारे ०.०२५ ओहम असतो, ०.७ अँपिअरला त्यावर जेमतेम ०.०२ व्होल्ट पडतात. खरे कारण प्लेटच्या छिद्रांत आहे. चार्जिंग होताना लेड सल्फेटचे रूपांतर होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होते, ते आधी छिद्रांतच साचते आणि बाहेरच्या द्रावणात हळूहळू मिसळते. शिवाय रूपांतरासाठी हाताशी असलेले सल्फेट कमी होत जाते, तसा तोच प्रवाह रेटायला जास्त व्होल्टेज लागते. यालाच पोलरायझेशन म्हणतात. चार्जर बंद करून बॅटरी काही तास तशीच ठेवली की हा फुगवटा ओसरतो. पूर्ण भरलेली बॅटरी अशा विश्रांतीनंतर १२.७ ते १२.८ व्होल्टच्या आसपास स्थिरावते. चार्जची खरी कल्पना या आकड्यावरून येते.

दुसऱ्या टप्प्यात चार्जर प्रवाह कमी करतो, हेही पुष्कळांनी गृहीत धरलेले असते. चार्जर फक्त १४.४ व्होल्ट धरून ठेवतो. प्रवाह उतरतो तो बॅटरीमुळे, कारण ती जितकी भरत जाते तितका कमी प्रवाह त्या व्होल्टेजला स्वीकारते. म्हणूनच भरल्याची खूण या टप्प्यात व्होल्टेजमध्ये नसते, प्रवाहात असते.

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये मात्र कंपॅरेटर आणि रिले लावून १४.४ व्होल्टलाच कटऑफ दिलेला दिसतो. रिले सुटला की बॅटरीचे व्होल्टेज लगेच खाली येते, कंपॅरेटर रिले पुन्हा ओढतो आणि खटखट सुरू होते. त्यावर हिस्टेरिसिस वाढवतात, म्हणजे १४.४ ला बंद आणि त्याच्या बऱ्याच खाली चालू. आवाज थांबतो, पण बॅटरी पाऊणच भरलेली राहते. रोज असे झाले, तर न बदललेले सल्फेट कडक स्फटिकांच्या रूपात प्लेटवर बसते आणि क्षमता कायमची घटते. रिलेची खटखट हे लक्षण होते. चूक कटऑफच्या निकषात होती.

योग्य कटऑफला दोन अटी एकत्र लागतात: व्होल्टेज १४.४ ला पोहोचलेले असावे आणि प्रवाह ०.१४ अँपिअरच्या खाली गेलेला असावा. नुसता प्रवाह पाहिला, तर बॅटरीची वायर सुटली तरी सर्किट ‘भरली’ असेच समजते. प्रवाह मोजतानाही एक खड्डा आहे. ०.१ ओहमच्या रोधावर ०.१४ अँपिअरला फक्त १४ मिलिव्होल्ट मिळतात, आणि साध्या एलएम३५८ चा ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. म्हणजे कटऑफ निम्म्याने चुकण्याची शक्यता. ०.५ ओहम वापरला की ७० मिलिव्होल्ट मिळतात आणि चूक दहा टक्क्यांवर येते. हा रोध आणि उलट प्रवाह अडवणारा डायोड यांच्यावर पडणारे व्होल्टेज हिशेबातून सुटू नये, म्हणून १४.४ व्होल्टचे फीडबॅक थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्यावे.

एवढे करूनही एक परिस्थिती निसटते. सहापैकी एक सेल शॉर्ट असेल, तर बॅटरी १४.४ ला पोहोचतच नाही. पाच सेलवर व्होल्टेज साधारण १२ ते १३ च्या दरम्यान अडकते, पहिला टप्पा संपत नाही आणि ०.७ अँपिअर तासन्‌तास चालू राहून बॅटरी तापते. त्यासाठी पहिल्या टप्प्याला वेळेची मर्यादा हवी. या उदाहरणात बारा तासांत १४.४ व्होल्ट आले नाहीत, तर चार्जिंग थांबवून बिघाडाचा दिवा लावावा.