दहा टक्के सवलत, दोन फोन आणि दोन उत्तरं

आजचा प्रश्न असा: अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर ॲप आहे. मग त्यातले हिशोबाचे नियम दोनदा लिहायचे, की कॉटलिनमध्ये एकदाच लिहून दोन्हीकडे वापरायचे? माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो, म्हणजे मुद्दा लगेच लक्षात येईल.

किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपवर मी काम करत होतो. नेट नसतानाही बिल दिसायला हवं होतं, म्हणून सवलतीचा हिशोब फोनवरच व्हायचा. कागदावर नियम एका ओळीचा: "दहा टक्के सवलत, जवळच्या पूर्ण रुपयात." अँड्रॉइडवाल्याने तो कॉटलिनमध्ये लिहिला, आयफोनवाल्याने स्विफ्टमध्ये. दोघांनीही तपासला, दोघांचाही बरोबर आला.

मग तक्रार आली. नवरा-बायको, एकच यादी, २४५ रुपयांचं बिल. तिच्या आयफोनवर सवलत २५ रुपये, त्याच्या अँड्रॉइडवर २४. आम्ही २३५ चं बिल करून पाहिलं तर दोन्हीकडे २४! म्हणजे चूक कधी दिसते, कधी गायब होते.

कारण बघा:

```
Kotlin:  round(245 * 10 / 100.0)        // 24.0
Swift:   (245.0 * 10 / 100).rounded()   // 25.0
```

दहा टक्के म्हणजे साडेचोवीस. बरोबर अर्ध्यावर आलं की कॉटलिनचं `round` जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणून २४. स्विफ्टचं `rounded()` शून्यापासून दूर जातं, म्हणून २५. साडेतेवीसला मात्र सम संख्याही २४ आणि वरची संख्याही २४, म्हणून तिथे फरक दिसत नाही. दोघांचा कोड चुकीचा नव्हता. नियमात अर्ध्याचं काय करायचं हे लिहिलंच नव्हतं, आणि ती रिकामी जागा प्रत्येक भाषेने आपापल्या सवयीने भरली.

मग आम्ही हा हिशोब सामायिक मॉड्यूलमध्ये, `commonMain` मध्ये हलवला, आणि पूर्णांकातच केला:

```kotlin
fun discount(total: Long, percent: Long): Long =
    (total * percent + 50) / 100
```

२४५ गुणिले १० म्हणजे २४५०, त्यात ५०, भागिले १००: पंचवीस. अँड्रॉइडसाठी हे नेहमीसारखंच कंपाइल होतं. आयफोनसाठी कॉटलिन नेटिव्ह त्याचं एक फ्रेमवर्क बनवतं आणि एक्सकोडमध्ये ते इतर फ्रेमवर्कसारखंच जोडायचं. जेटब्रेन्सने हे तंत्र नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर केलं.

आता दुसरी बाजू. पहिल्याच आठवड्यात आयफोनचं ॲप धाडकन बंद पडायला लागलं. मुदत संपलेलं कूपन टाकलं की कॉटलिनचं फंक्शन एक्सेप्शन फेकायचं. अँड्रॉइडवर ते पकडलं होतं. पण कॉटलिनच्या फंक्शनवर `@Throws` लिहिलेलं नसेल, तर ते एक्सेप्शन स्विफ्टला पकडताच येत नाही, ॲप तिथेच संपतं. आणि कॉटलिन कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही. शेवटी आम्ही "मुदत संपली" हे एक्सेप्शन न फेकता साधं उत्तर म्हणूनच परत द्यायला लागलो.

अशा आणखीही छोट्या अडचणी आहेत. कॉटलिनमधले डिफॉल्ट आर्ग्युमेंट स्विफ्टला दिसत नाहीत, प्रत्येक वेळी सगळी द्यावी लागतात. फ्रेमवर्क बांधायला मॅक लागतोच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे माणसं: आयफोनवाल्याला कॉटलिन वाचता आलं नाही, तर सामायिक मॉड्यूल हे अँड्रॉइडवाल्यांचंच घर होऊन बसतं, आणि हा बिचारा प्रत्येक दुरुस्तीसाठी त्यांच्या दारात.

म्हणून मी काय करतो? ज्या नियमाचं उत्तर दोन फोनवर वेगळं आलं तर पैशांचा घोळ होईल, तो सामायिक. म्हणजे सवलत, कर, कूपनची मुदत. स्क्रीन, कॅमेरा, नोटिफिकेशन मात्र ज्याचं त्याने लिहावं. आणि असे नियम दोन-तीनच असतील तर मॉड्यूलच्या भानगडीत पडूच नका. दोनदा लिहा, पण तपासणीची फाइल एकच ठेवा: २४५ ला २५, २३५ ला २४, अशा ओळी. दोन्ही ॲपच्या टेस्ट तीच फाइल वाचतील.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आमची चूक सापडली कारण कोड दोनदा लिहिला होता. पहिल्यापासून सामायिक असता, तर दोन्ही फोनवर २४ आले असते आणि कुणाला काही कळलंच नसतं. सामायिक कोड दोन उत्तरांचं एक करतो. ते एक उत्तर दुकानदाराला हवं तेच आहे का, हे त्यालाच विचारावं लागतं. आम्ही विचारलं. तो म्हणाला, "अहो, अर्धा रुपया गिऱ्हाइकाचा!"

चला, भेटू पुढच्या भागात.