शाबासकीचा मजकूर

सिल्वासा परिसरातील पॉलिएस्टर सुताच्या कारखान्यांत नवे सूत बाजारात उतरले, की कर्मचाऱ्यांच्या संदेशगटावर ‘मस्त काम, टीम!’ एवढे उमटते आणि सायंकाळपर्यंत अंगठ्यांच्या गर्दीत विरून जाते. त्याऐवजी, उदाहरणार्थ, असे लिहावे: ‘रंगाईच्या चाचणीत पट्टे दिसताच रात्रपाळीच्या यंत्रचालकांनी हीटरचे तापमान तपासून सदोष बॉबिन वेगळे काढले, म्हणून पहिला माल निर्दोष रवाना झाला.’ कृती, कर्ते व परिणाम यांची अशी नोंद असली, तरच तिची नक्कल वरिष्ठांकडे पाठवून कर्मचाऱ्याच्या दप्तरी रुजू करता येते. मात्र पाळीची नोंदवही पडताळल्यावाचून श्रेय लिहू नये. आणि कंत्राटी कामगारांची नावे, जी हमखास राहून जातात, ती ठेकेदाराच्या हजेरीपटावरून आधीच मागवावीत.