फडकं धुतलं, तरी वास जात नाही

बकरी ईदच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते. ओटा चकचकीत असतो, भांडी घासून झालेली असतात, पण पाणी प्यायला ग्लास उचलला की त्याला आंबूस वास येतो. दोष ग्लासाचा नसतो, तो ज्या फडक्याने पुसला त्या फडक्याचा असतो.

फडक्याच्या धाग्यांत आणि स्पंजच्या छिद्रांत चरबीचा पातळ थर बसतो. तो ओला राहिला की त्यावर जंतू वाढतात आणि चरबी, पीठ, सालन यांचे अंश कुजवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांचाच हा वास. जंतू थराखाली दडलेले असल्याने वरवर साबण फिरवून ते निघत नाहीत. म्हणूनच वाळलेलं फडकं चांगलं वाटतं आणि पाणी लागताच पुन्हा वास मारतं. ओळखायची खूण हीच: कोरडं नाही, ओलं करून हुंगा. लिंबू चोळल्याने वास झाकला जातो आणि खाण्याच्या सोड्याने आम्ल थोडं मारलं जातं, पण जंतू जागच्या जागी राहतात.

आमच्या शेजारच्या भाभींकडे सुती फडकी चार. त्या ती रोज रात्री साबणाच्या पाण्यात बादलीत भिजत ठेवत आणि सकाळी धूत. मेहनतीत कसूर नव्हती, पण थंड होत गेलेलं साबणाचं पाणी आणि त्यात उतरलेली चरबी म्हणजे जंतूंना रात्रभर दस्तरखानच. आम्ही भिजवणं बंद केलं आणि क्रम बदलला. आधी थंड पाण्यात फडकी चुबकून रक्ताचे डाग आणि अन्नाचे कण काढले. गरम पाणी आधी घातलं तर रक्त धाग्यात पक्कं बसतं. मग कपडे धुण्याच्या साबणाने चोळून चरबी सोडवली. नंतर स्टीलच्या पातेल्यात तीन लिटर पाण्यात धुण्याच्या सोड्याचा एक मोठा चमचा टाकून फडकी उकळत ठेवली. पाणी खळखळू लागल्यापासून दहा मिनिटं मोजली. (पातेलं ॲल्युमिनियमचं नको, सोड्याने ते काळं पडतं.) सोड्याचं पाणी हाताला बाधतं, म्हणून फडकी चिमट्याने बाहेर काढली, दोनदा साध्या पाण्यातून खंगाळली, घट्ट पिळली आणि एकेरी पसरून उन्हात घातली.

दुसऱ्या दिवशी ओलं करून हुंगल्यावर तीन फडकी स्वच्छ निघाली. चौथं जाड टॉवेलचं होतं, त्याला अजून किंचित वास होता. ते पुन्हा उकळलं, तरीही गेला नाही, म्हणून त्याची बदली बाथरूमच्या फरशीवर झाली. एवढ्या जाड कापडाचा आतला भाग आपल्या पावसाळ्यात वाळतच नाही. ओट्यासाठी पातळ सुती कापडच बरं.

धुऊन पाक झालेलं फडकं आणि जंतू मेलेलं फडकं, या दोन बाबी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी पाणी पुरतं, दुसरीसाठी उष्णता किंवा ब्लीच लागतं.

स्पंज आणि हिरवी घासणी उकळू नये, दोन्ही थर जोडणारा डिंक सुटतो. त्यासाठी घरगुती ब्लीच वापरावं. स्पंज आधी साबणाने धुऊन पिळून घ्या, कारण मळ राहिला तर ब्लीच मळावरच खर्ची पडतं. मग एक लिटर थंड पाण्यात साध्या ब्लीचचे तीन मोठे चमचे घालून पाच मिनिटं बुडवा आणि भरपूर पाण्याने धुवा. खिडकी उघडी असू द्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. तारेची घासणी ब्लीचमध्ये टाकू नये, ती गंजते. मायक्रोवेव्ह असेल तर पूर्ण भिजलेला स्पंज एक मिनिट गरम केला तरी बहुतेक जंतू मरतात. मात्र कोरडा स्पंज पेट घेतो आणि तारेच्या घासणीने ठिणग्या उडतात. बाहेर काढताना चिमटा वापरा, तो भाजतो.

हे सारं करूनही स्पंज कायमचा होत नाही. जर्मनीत 2017 साली वापरातल्या स्पंजची तपासणी झाली, तेव्हा नियमित साफ केलेल्या स्पंजमध्येही जंतू कमी आढळले नाहीत, उलट वास आणणाऱ्यांपैकी काही जाती जास्त होत्या. उरलेले जंतू रिकाम्या जागेत पुन्हा वाढतात, एवढा त्याचा अर्थ. म्हणून रोज वापरातला स्पंज दोन-तीन आठवड्यांत, आणि ओला करून वास आला तर त्याच दिवशी टाकावा. कच्च्या मटण-कोंबडीच्या पाटासाठी स्पंज वापरूच नये. तिथे काथ्या किंवा ब्रश वापरावा, तो लवकर वाळतो.

आणि रोज रात्री शेवटचं भांडं झालं की स्पंज पिळून उभा ठेवायचा. सिंकच्या कोपऱ्यातल्या साबणाच्या डबीत नाही, तिथे तळाशी पाणी साचतं. खिडकीच्या गजाला एक चिमटा अडकवून ठेवला तरी काम होतं.