रात्री ११ची चाचणी, दुपारी ३ची मुलाखत

बार्शीटाकळीतून पुण्या-हैदराबादच्या कंपनीत मुलाखत द्यायची, तर पहिली फेरी आता बहुधा घरूनच होते. समजा, इथल्या एका मुलीची मुलाखत मे महिन्यात दुपारी ३ वाजता आहे. आदल्या रात्री ११ला तिने भावाला व्हिडिओ कॉल लावला. चेहरा दिसला, आवाज गेला, चाचणी झाली. पण दुपारी ३ला टॉवरवरची गर्दी वेगळी, ऊन वेगळं, पारा ४५च्या घरात आणि कूलर चालू. रात्रीच्या कॉलने यातलं काहीच तपासलं नव्हतं. अशा चाचणीमागचे नेहमीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज : “स्पीड टेस्टला ४० एमबीपीएस आलं, आपलं नेट तं सुसाट हाये!”

वस्तुस्थिती : तो मोठा आकडा डाउनलोडचा असतो. दोन माणसांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी १ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. आपला चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडमधून, म्हणून पाहायचा तो आकडा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेट एकसारखं वाहतं का. यूट्यूब पुढचा भाग आधीच साठवून ठेवतं, त्यामुळे मधे चार सेकंद नेट अडखळलं तरी कळत नाही. बोलण्याला तशी साठवण करता येत नाही. आवाजाचे छोटे तुकडे, सेकंदाला साधारण ५०, लागलीच पोचावे लागतात. जो तुकडा हरवला किंवा उशिरा आला, तो शब्दातून गळतो.

हे तपासायला विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करावं:

```
ping -n 100 8.8.8.8
```

दीडेक मिनिटात शेवटच्या ओळी येतात. `Lost` म्हणजे हरवलेले तुकडे. १००पैकी एखादा गेला तर चालेल, पाच-सात गेले तर बोलणं तुटणार. `Minimum` ४० आणि `Maximum` ८०० असेल, तर सरासरी कितीही चांगली दिसो, आवाज मधूनमधून अडकेल. ही चाचणी मुलाखतीच्याच वेळी, दोन-तीन दिवस आधीपासून करावी. घरात कोणत्या कोपऱ्यात आकडे सुधारतात, तेही तेव्हाच कळतं.

गैरसमज : “कूलरचा आवाज ॲप आपोआप काढून टाकतं.”

वस्तुस्थिती : एकसुरी घरघर ओळखून ती कमी करणं ॲपला जमतं. पण कूलर तोंडापेक्षा माइकला जवळ असेल, तर घरघरीबरोबर शब्दांची हलकी टोकंही छाटली जातात. ‘स’, ‘फ’, ‘ह’ असे वाऱ्यासारखे उच्चार आधी जातात. बोलणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण समोर पोचलेला आपला आवाज आपल्याला ऐकूच येत नाही.

म्हणून तो ऐकायची सोय वापरावी. झूमसाठी `zoom.us/test` उघडलं की आपलं बोलणं रेकॉर्ड होऊन परत ऐकू येतं. टीम्सच्या सेटिंगमध्ये टेस्ट कॉल आहे, आणि गूगल मीटमध्ये आत जाण्याआधीच आवाज-चित्र तपासता येतं. एकच परिच्छेद कूलर चालू ठेवून आणि बंद करून वाचावा. फरक जाणवला, तर पावणेतीनपर्यंत कूलरने खोली गार करून घ्यावी आणि मग तो बंद करून पंखा हळू ठेवावा.

ब्लूटूथ इअरफोनवर गाणी छान वाजतात म्हणून माइकही छान असेल, असं नाही. बऱ्याच इअरफोनचा माइक चालू झाला की जोडणी फोन कॉलच्या दर्जावर उतरते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. वायरचा साधा इअरफोन इथे जास्त भरवशाचा. फक्त त्याचा माइक ओढणीला किंवा कॉलरला घासत नाही ना, ते ऐकून घ्यावं.

गैरसमज : “मागची भिंत खराब आहे, बनावट पार्श्वभूमी लावू.”

वस्तुस्थिती : त्यासाठी लॅपटॉपला प्रत्येक क्षणी माणूस आणि भिंत वेगळी करावी लागते. जुन्या लॅपटॉपवर त्यातच प्रोसेसर दमतो. चित्र अडखळतं, पंखा जोरात फिरतो आणि तो आवाजही माइकमध्ये जातो. शिवाय हात हलवला की बोटं गायब होतात. मागे साधी भिंत किंवा ताणून लावलेली एकरंगी चादर पुरेशी आहे.

खरी अडचण उजेडाची असते. पाठीमागे खिडकी असली, तर कॅमेरा त्या झगमगाटाला सांभाळायला सगळं चित्र काळवंडवतो आणि चेहरा सावलीत जातो. खिडकी समोर किंवा थोडी बाजूला हवी. पश्चिमेची खिडकी सकाळी निर्धोक वाटते. दुपारी ३ नंतर तिथूनच ऊन डोळ्यांवर येतं.

गैरसमज : “लाइन गेली तरी लॅपटॉपला बॅटरी आहे.”

वस्तुस्थिती : लॅपटॉप चालू राहतो, वायफायचा डबा बंद पडतो. घरात इन्व्हर्टर असला, तरी वीज पालटण्याच्या क्षणभरात राउटर कधी कधी पुन्हा सुरू होतो, आणि नेट परत यायला मिनिटं जातात. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडचं बटण असतं. त्यावर हा पालट झटपट होतो. इन्व्हर्टर नसेल, तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत. खात्री करायची, तर कॉल चालू असताना घराचा मेन स्विच खाली करावा.

गैरसमज : “काहीच नाही तर फोनचा हॉटस्पॉट आहेच.”

वस्तुस्थिती : तो आयत्या वेळी सुरू केला तर दगा देऊ शकतो. दोन सिमच्या अनेक फोनमध्ये एका सिमवर कॉल आला, की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. मुलाखतीला शुभेच्छा द्यायला मामांनी केलेला फोनच मुलाखत तोडू शकतो. हॉटस्पॉटच्या फोनमधलं दुसरं सिम तेवढ्या वेळापुरतं सेटिंगमधून बंद ठेवावं. घरचं नेट ज्या कंपनीचं आहे, त्याहून वेगळ्या कंपनीचं सिम हवं. नाहीतर एकाच बिघाडात दोन्ही जातात. लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला आधी एकदा जोडून ठेवावा आणि तिथेही वरची पिंग चाचणी करावी.

दुसरा फोन हाताशी असेल, तर त्यात मुलाखतीचं ॲप टाकून लिंक उघडून ठेवावी, पण मिटिंगमध्ये शिरू नये. एकाच खोलीत दोन उपकरणं आवाजासकट आत असली, की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून शिट्टी वाजते. काही निमंत्रणांत साध्या फोनवरून जोडायचा नंबर आणि मिटिंग आयडी असतो. नेट पूर्ण गेलं, तर तेवढ्यावर निदान बोलणं चालू राहतं. तो नंबर आणि आयडी कागदावर लिहून ठेवावा.

आता त्या मुलीची चाचणी पुन्हा मांडू. आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता, त्याच खुर्चीत, तोच इअरफोन लावून ती पुण्यातल्या मैत्रिणीला त्याच ॲपवर २० मिनिटं कॉल करते. मैत्रीण प्रश्न विचारते आणि कुठला शब्द गळाला ते लिहून ठेवते. दहाव्या मिनिटाला मुलगी राउटर मुद्दाम बंद करते, हॉटस्पॉटवर येते, आणि परत जोडायला किती वेळ लागला ते घड्याळात पाहते. दोन मिनिटं लागली, तर ‘वीज गेली आहे, दोन मिनिटांत फोनवरून जोडते’ अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज एचआरच्या नंबरसकट आधीच मसुद्यात ठेवते. कंपनीच्या बाजूचं नेट पडलं, तर त्यावर तिच्याकडे इलाज नाही. पण तेव्हाही विचारायचं कोणाला, हे तिला माहीत असतं.