डॉक्टर चांगले आहेत म्हणजे काय?

सोसायटीत कुणी नवीन कुत्रा आणला की पहिला प्रश्न येतो, "तुमचे डॉक्टर कसे आहेत हो?" आणि आपण म्हणतो, "चांगले आहेत." एवढ्या उत्तरावर समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. मला हे कळलं ते आमच्या खंड्याला गोचीडताप झाला तेव्हा.

खंड्या वीस किलोचा, गावठी, एरवी भाकरीच्या आवाजाला धावत येणारा. पावसाळ्यात त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टेबलावरच ताप पाहिला, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "होईल बरा." कसलं इंजेक्शन, ते सांगितलं नाही. बिलावर एकच आकडा होता, १,४५० रुपये. ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी परत चढला.

मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खंड्या दारातच बसला, तर त्या स्वतः बाहेर येऊन जमिनीवर बसल्या. आधी हाताचा वास घेऊ दिला, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "ताई, या फिकट आहेत. आणि पोटावर हे बारीक लाल ठिपके दिसतात का?" कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी सापडल्या. रक्त घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी तोंडाला पट्टा बांधला. मला वाईट वाटलं, पण मदतनीस त्याला हलक्या हाताने कुशीत धरून होता आणि सुई एकाच वेळी लागली. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी त्या जागी कापूस बराच वेळ दाबून धरला. गोचीडतापात प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही आणि कातडीखाली काळंनिळं होतं. मायेने गोंजारणारे पुष्कळ असतात, पण जनावराला कमी त्रास होईल असं काम करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मी तीच पाहते. तोंडाला पट्टा बांधला म्हणून कुणाला निर्दय ठरवू नये.

रिपोर्टमध्ये प्लेटलेट ६२ हजार होत्या. कुत्र्यात साधारण दोन लाखांच्या पुढे असायला हव्यात. यंत्राची मोजणी कधी कधी चुकते, प्लेटलेटचे पुंजके झाले की आकडा खोटाच कमी येतो. म्हणून त्यांनी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मग निदान सांगितलं. औषध डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस. म्हणजे ५६ गोळ्या. "चार दिवसांत तो उड्या मारायला लागेल, तेव्हा गोळ्या बंद करू नका. जंतू अंगात राहतात. आणि रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते." पहिल्या दवाखान्यात मला हे एक वाक्यही मिळालं नव्हतं.

खर्चाचंही तसंच. रक्त काढण्याआधी त्यांनी कागदावर लिहून दिलं: तपासणी, रक्ताची चाचणी, सलाईन लागलं तर त्याचे वेगळे, आणि सातव्या दिवशी पुन्हा रक्त पाहावं लागेल तेही. एकूण रक्कम पहिल्या बिलापेक्षा जास्त होती, तरी मला ती महाग वाटली नाही, कारण प्रत्येक रुपया कशाचा ते ठाऊक होतं. स्वस्त-महाग हे शेजाऱ्याला सांगून फारसा उपयोग नसतो. आकडा आधी कळला की नंतर, आणि मध्येच वाढला तर विचारलं का, हे सांगावं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, "जेवतोय का? लघवीचा रंग कसा आहे?" सातव्या दिवशी प्लेटलेट एक लाख ऐंशी हजारांवर आल्या. कोर्स संपल्यावर तिसरी तपासणी झाली, आणि गोचिडींचं औषध वेळेवर चालू ठेवायला सांगितलं. ते नसेल तर आजार पुन्हा होऊ शकतो.

पहिल्या डॉक्टरांबद्दल मी कडवट लिहीत नाही. त्यांच्याकडे मी एकदाच गेले, त्या दिवशी गर्दीही होती. जनावर बरं झालं नाही म्हणून डॉक्टर वाईट ठरत नाहीत. योग्य उपचार करूनही काही कुत्री दगावतात. पण औषधाचं नाव सांगितलं नाही, रक्त तपासलं नाही, परत कधी यायचं ते सांगितलं नाही, एवढं मी ठामपणे सांगू शकते.

केस कापायला, आंघोळीला नेणाऱ्या ग्रूमरलाही हाच नियम लागू आहे. आमच्या ग्रूमरने पुढच्या खेपेला बोटांमधली एक गोचीड काढून कागदात बांधून माझ्या हातात दिली. मात्र कुत्रा शांत बसावा म्हणून तो स्वतःच गुंगीचं औषध देत असेल तर तिथून लगेच निघा, ते काम पशुवैद्याचं आहे.

पुढच्या वेळी कुणी विचारलं तर "चांगले आहेत" म्हणू नका. सुई कशी टोचली, आजार कोणत्या शब्दांत समजावला, पैशांचं आधी सांगितलं का, आणि नंतर फोन आला का, एवढं सांगा.