मागे कर्नाळा दिसतो म्हणून फोटो कर्नाळ्याचा ठरत नाही

पावसाळा लागला की पेण-रोह्याकडच्या मोबाइलवर एक ठरावीक खेळ सुरू होतो. दरड, पूर, वाहून गेलेला पूल, बिबट्या, काहीही असो, कुणीतरी फोटो टाकतं, दुसरा विचारतो कुठला, आणि तिसरा छातीठोकपणे सांगतो, "मागे कर्नाळ्याचा अंगठा दिसतोय की! कर्नाळ्याचाच फोटो." विषय संपला. वादच नाही.

वाद आहे. फोटोत कर्नाळा दिसतो याचा अर्थ एवढाच, की कॅमेऱ्यापासून कर्नाळ्यापर्यंत दृष्टी पोचत होती. कॅमेरा कुठे होता, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. पनवेलकडून, रसायनीकडून, पेणच्या वाटेवरून, सगळीकडून तो सुळका खुणेसारखा वापरला जातो. आणि गंमत म्हणजे मूळ किल्ला पेण तालुक्यात नाहीच, पनवेल तालुक्यात आहे. दिसणारी वस्तू आणि पाहणाऱ्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एरवी शेंबड्या पोरालाही कळतं. फॉरवर्ड आला की नेमकं तेवढंच विसरायला होतं.

मग डोंगररेषेवरून जागा ठरवतात ती कशी? एका डोंगराने नाही, तर दोन-तीन डोंगरांच्या आपसातल्या अंतराने. हिशेबच करून पाहू. पेण शहराच्या मध्यावर नकाशात एक बिंदू ठेवा. मधल्या टेकड्या आणि इमारती क्षणभर बाजूला ठेवा, कारण आपल्याला इथे फक्त भूमिती पाहायची आहे. कर्नाळा तिथून सुमारे १६ किलोमीटरवर, उत्तरेपासून ८ अंश पूर्वेला पडतो. प्रबळगड सुमारे २९ किलोमीटरवर, २७ अंशांच्या आसपास. म्हणजे दोघांमध्ये साडेअठरा अंशांची फट. आता कॅमेरा एक किलोमीटर पश्चिमेला न्या. कर्नाळा जवळचा, म्हणून त्याची दिशा साडेतीन अंशांनी बदलते. प्रबळगड लांबचा, तो दोन अंशही हलत नाही. फट साधारण पावणेदोन अंशांनी कमी होते.

पावणेदोन अंश म्हणजे किती? साध्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने काढलेला, न कापलेला, चार हजार पिक्सेल रुंद फोटो घेतला, तर मध्याच्या आसपास एका अंशात पन्नास-पंचावन्न पिक्सेल बसतात. म्हणजे किलोमीटरभर सरकलात की दोन डोंगरांमधलं अंतर नव्वदेक पिक्सेलने बदलतं. हे डोळ्यांना दिसतं, पट्टीने मोजता येतं. जागा सापडते ती या सरकण्यातून. डोंगराच्या आकाराने फक्त डोंगराचं नाव कळतं.

अंगठ्याचंही गणित करून टाकू. कर्नाळ्याचा सुळका सुमारे ४० मीटर उंच. १६ किलोमीटरवरून, त्याच मोबाइलवर, त्याची उंची होते सात-आठ पिक्सेल. ठिपकाच तो. तेव्हा न कापलेल्या फोटोत अंगठा सत्तर पिक्सेलचा ठसठशीत दिसत असेल, तर कॅमेरा पेणमध्ये असूच शकत नाही. तो सुळक्यापासून पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे. उलट ठिपक्याएवढा दिसत असेल तर "कर्नाळ्याचाच फोटो" म्हणणाऱ्याने आधी मोजपट्टी काढावी. फोटो कुणी कापला असेल, मोठा केला असेल, तर मात्र हा हिशेब कोसळतो, कारण एका अंशाला किती पिक्सेल हेच ठाऊक राहत नाही.

उंचीही अशीच फसवते. प्रबळगड सातशे मीटरच्या घरातला, कर्नाळा साडेचारशेच्या. तरी पेणच्या त्या बिंदूवरून कर्नाळाच किंचित उंच भरतो, कारण तो जवळ आहे आणि लांबच्या प्रबळगडाचे पायथ्याकडचे पन्नासेक मीटर पृथ्वीच्या गोलाईखाली बुडतात. फोटोत उंच दिसतो तो मोठा डोंगर, असं धरून नकाशात शोधायला बसलेला माणूस सुरुवातीलाच चुकीच्या डोंगरावर चढतो.

दोन डोंगरांच्या कोनाने जागा एका वर्तुळाच्या कमानीवर येते, बिंदूवर नाही. बिंदूसाठी तिसरा डोंगर लागतो. सर्वेक्षण खात्याचे लोक प्लेन टेबल घेऊन रानोमाळ हिंडत, तेव्हा हीच युक्ती वापरत, आणि ती आजही घरच्या टेबलावर चालते. ट्रेसिंग पेपरवर एक बिंदू काढायचा. फोटोतून मोजलेल्या कोनांनी त्या बिंदूतून तीन रेघा ओढायच्या: एक कर्नाळ्याची, एक माणिकगडाची, एक प्रबळगडाची. मग तो कागद सर्वे ऑफ इंडियाच्या ५० हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर ठेवून फिरवायचा, सरकवायचा, तिन्ही रेघा आपापल्या माथ्यांवरून जाईपर्यंत. (जुन्या क्रमांकांनी कर्नाळा 47 F/1 मध्ये येतो, पेण 47 F/2 मध्ये आणि रोहा 47 F/3 मध्ये, तेव्हा शेजारचे नकाशे जोडून घ्यावे लागतात.) रेघा बसल्या की कागदावरचा बिंदू म्हणजे कॅमेरा. एकच खोड आहे: आपण नेमके त्या तीन माथ्यांतून जाणाऱ्या वर्तुळावर उभे असलो, तर कागद कुठेही सरकवा, रेघा बसतच राहतात. तसं झालं की चौथा डोंगर शोधायचा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "एवढी कटकट कशाला, कॉम्प्युटर सांगतो की. प्रत्येक डोंगररेषा बोटाच्या ठशासारखी असते." इथे माझा संयम थोडा सुटतो. आल्प्समध्ये हे बऱ्याच अंशी चालतं. ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ४० हजार चौरस किलोमीटर भागात फोटोतली डोंगररेषा उंचीच्या आकडेवारीशी जुळवून दाखवली, आणि ८८ टक्के फोटोंची जागा एक किलोमीटरच्या आत सापडली. एक किलोमीटर! म्हणजे गाव कळलं, घर नाही. आणि काही फोटोंच्या बाबतीत डोंगररेषा हाताने दुरुस्त करून द्यावी लागली होती.

आपला सह्याद्री तर आल्प्सही नाही. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक बसून तो झालाय, त्यामुळे सपाट माथा, खाली कडा, कड्याखाली उतार, पुन्हा कडा, हाच साचा मैलोगणती परत परत येतो. नागोठण्यापासून पालीपर्यंत कुठल्याही सपाट माथ्याचा अर्धा तुकडा कापून दाखवा, दहा ठिकाणी बसेल. म्हणून इथे एका रेषेवर भिस्त ठेवता येत नाही. पुढची टेकडी मागच्या डोंगराला नेमकी कुठे छेदते, ती जागा पाहावी लागते. असे दोन-तीन छेद जुळले तरच जुळणी पक्की. रोह्याकडच्या माणसाला तैलबैला ठाऊक असतो: दोन उभ्या भिंती आणि मध्ये खिंड. समोरून पाहिलं तर खिंड रुंद. जसजसे आपण भिंतींच्या रेषेत येतो तसतशी ती मिटत जाते आणि शेवटी एकच सुळका उरतो. दोन वेगळ्या फोटोंतले हे दोन वेगळे डोंगर नव्हेत. उलट त्या खिंडीची रुंदी मोजली, की पाहणारा कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

जगभर गाजलेलं उदाहरणही हेच सांगतं. २०१८ मध्ये कॅमेरूनमध्ये सैनिक दोन बायका आणि दोन लहान मुलांना गोळ्या घालतानाचा व्हिडिओ फिरला. सरकारने तो बनावट म्हणून उडवून लावला. 'बीबीसी आफ्रिका आय'च्या पत्रकारांनी मागची डोंगररेषा गूगल अर्थवर जुळवून ती जागा झेलेवेट गावाजवळची असल्याचं दाखवून दिलं. पण आधी त्यांना जुळणी सापडत नव्हती. झेलेवेटकडे पाहिलंत का, असं एका कॅमेरूनी सूत्राने सुचवलं तेव्हा ती सापडली. पुढे रस्ता, झाडं, इमारती एकेक करून उपग्रहचित्रांशी ताडून पाहिल्या, तेव्हा कुठे ते ठामपणे बोलले. डोंगररेषेने परिसर दिला, जागा जवळच्या वस्तूंनी पक्की केली.

आता ज्या आकडेवारीशी जुळवतात तिच्याबद्दल. नासाच्या एसआरटीएम मोहिमेने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवस रडारने जमीन मोजली, आणि आपल्याला मिळतात ते साधारण ३० मीटरवर एकेक उंचीचे आकडे. तीस मीटरच्या चौकोनात कर्नाळ्याचा अंगठा मावतो कुठे? तो बोथट होऊन एक बारीकसं टेंगूळ उरतं. माणसाला जी खूण सगळ्यांत आधी दिसते, तीच आकडेवारीत सगळ्यांत आधी हरवते. संगणकाच्या रेषेत सुळका नाही म्हणून फोटो खोटा ठरवणारे महाभागही आहेत. जुळणी करावी ती धारेच्या रुंद उतारांवर. सुळका फक्त नाव ओळखण्यापुरता.

बाकीचे गैरसमज झटपट.

झूम केल्याने डोंगर पुढे येतात आणि रेषा बदलते, हे खोटं. रेषा बदलते ती पाय हलले तरच. झूमने तिचा फक्त छोटा तुकडा मोठा होतो.

फोटोत जीपीएस असतंच, असं म्हणतात. मूळ फाइलमध्ये असू शकतं; व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवला की ते गळून जातं.

रेषा कुठेच जुळत नाही म्हणून फोटो बाहेरचा? आधी तो आडवा उलटा करून पाहा. सेल्फी कॅमेरे आणि उचलेगिरी करणारे दोघेही आरसा करून टाकतात.

गूगल अर्थवर डोंगर जास्तच टोकदार दिसतात, म्हणजे नकाशा चुकीचा? त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये `Elevation Exaggeration` १ वर आहे का, ते बघा. कुणीतरी ते ३ करून ठेवलेलं असतं.

आणि "डोंगर काय बदलतात का?" हा प्रश्न. आपल्याकडे बदलतात. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटरची टेकडी सुरुंग लावून सपाट केली. २००० सालच्या आकडेवारीत ती अजून उभी आहे. त्या दिशेचा आजचा फोटो तिच्याशी जुळवायला गेलात तर रेषा बसणार नाही. आणि फोटोत ती टेकडी दिसत असेल, तर कुठला या प्रश्नाआधी कधीचा याचं उत्तर मिळालेलं असेल.